जुना फोटो रंगवताना चेहराच बदलतो? प्रॉम्प्टमधल्या या चुका टाळा

‘हा जुना फोटो नीट करून रंगीत कर’ एवढंच लिहून एआय टूलला फोटो दिला, की बहुतेक वेळा एक देखणा, स्वच्छ फोटो मिळतो. त्यातली बाई मात्र आजी नसते, आजीसारखी दिसणारी दुसरीच कोणीतरी असते. याचं कारण असं की ही टूल्स फोटोवरची धूळ पुसत नाहीत, ती अख्खं चित्र नव्याने काढतात. जिथे मूळ फोटो पुसट आहे तिथे ती अंदाज करतात, आणि तो अंदाज गुळगुळीत त्वचा, उजळ रंग, सरळ नाक असाच असतो. म्हणून प्रॉम्प्टमध्ये काय बदलायचं याच्याइतकंच काय बदलायचं नाही हेही लिहावं लागतं.

त्याआधी स्कॅन. फ्रेमच्या काचेवरून मोबाइलने काढलेला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो देऊ नका. फोटो अलगद बाहेर काढून फ्लॅटबेड स्कॅनरवर 600 डीपीआयला स्कॅन करा. ग्रुप फोटोतला एक सेंटीमीटरचा चेहरा तेव्हा सुमारे 236 पिक्सेलचा होतो. त्याहून फार लहान असेल तर टूल चेहरा मनाने काढणारच. फोटो पिवळा पडला असेल तर स्कॅन आधी ग्रेस्केल करा. नाहीतर तो पिवळेपणाच खरा रंग समजला जातो आणि सगळ्यांची कातडी नारिंगी होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुरुस्ती आणि रंग एकाच प्रॉम्प्टमध्ये मागणं. समजा, 1950च्या दशकातला लग्नाचा पोस्टकार्ड आकाराचा फोटो आहे, मधून आडवी भेग गेलेली. पहिला प्रॉम्प्ट फक्त दुरुस्तीचा: ‘आडवी भेग, पांढरे ठिपके आणि कडांचे डाग भरून काढ. दोघांचे चेहरे, नजर, ओठांची ठेवण, कपाळावरचं कुंकू, मुंडावळ्या आणि कपड्यांच्या चुण्या मूळ फोटोत आहेत तशाच राहू देत. फोटो कृष्णधवलच ठेव.’ कुंकवाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कृष्णधवल फोटोत ते काळसर दिसतं आणि टूल त्याला डाग समजून पुसून टाकतं.

हा निकाल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसत्या नजरेने फरक कळत नाही. GIMP या मोफत फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मूळ स्कॅनवर नवा फोटो लेयर म्हणून ठेवा आणि मोड Difference करा. जिथे काही बदललं नाही तिथे काळं दिसेल. भेगेवर उजळ रेघ दिसणं ठीक, पण डोळे आणि ओठ उजळले असतील तर चेहरा बदलला आहे. अशा वेळी फक्त भेगेचा भाग कापून टूलला द्या.

आता रंग. राखाडी छटेवरून रंग ओळखता येत नाही. लाल शालू आणि हिरवा चुडा एकाच छटेत उतरू शकतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल रंग जाणवतच नसे, त्यामुळे लाल वस्त्र जवळजवळ काळं यायचं. ‘रंग भर’ म्हटलं की टूल त्याला काळी किंवा गडद निळी साडी ठरवतं. रंग घरातूनच शोधावा लागतो. शालू ट्रंकेत असेल तर घडीच्या आतला, न विटलेला भाग दिवसाच्या उजेडात पाहा. नसेल तर आत्याला किंवा मावशीला विचारा.

मग माणसागणिक लिहा: ‘डावीकडे नवरी: अंजिरी नऊवारी शालू, कासोटा घातलेला, जरीचे काठ, हातात हिरवा चुडा, कपाळावर लाल कुंकू, भांग रिकामा, वर्ण सावळा. उजवीकडे नवरा: पांढरं धोतर, काळा कोट, काळी टोपी, वर्ण उन्हात रापलेला.’ वर्ण लिहिला नाही तर दोघेही गोरे होतात. भांगाचं सांगितलं नाही तर कधीकधी त्यात सिंदूर येतो आणि नऊवारीची सहावारी होते. ‘सिंदूर नको’ असं लिहिण्यापेक्षा ‘भांग रिकामा’ लिहिणं बरं. नकार अनेक टूल्सना नीट कळत नाही.

रंगीत फोटो आला की तोच अंतिम मानू नका. तो दुरुस्त कृष्णधवल फोटोवर लेयर म्हणून ठेवा आणि मोड HSL Color करा. आता टूलचा फक्त रंग घेतला जातो. उजेड-सावली, म्हणजेच चेहरा, मूळ फोटोचा राहतो. कडांना रंग सांडलेला दिसला तर टूलने आकृती थोडी सरकवली आहे. लेयर जुळवून पाहा, किंवा तेवढा भाग मास्कने झाका.

जिथे चेहऱ्यावरचा थरच उडाला आहे, तिथे कितीही तपशीलवार प्रॉम्प्ट उपयोगी नाही. त्याच माणसाचा त्याच वयाचा दुसरा फोटो असेल तर तो संदर्भ म्हणून जोडा. नसेल तर तो भाग पुसटच ठेवा.