वाळूवरच्या फूटिंगचं तात्काळ सेटलमेंट काढताना या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यात तापीकाठी केळीचं पॅकहाऊस उभं राहतंय असं धरू. आरसीसी सांगाडा, २ मीटर बाय २ मीटरचं स्वतंत्र फूटिंग, तळ जमिनीखाली १.५ मीटर, आणि खाली खोलवर वाळू. हे फूटिंग भार आल्या आल्या किती बसेल, ते लवचिक सिद्धांताच्या एका ओळीच्या सूत्रातून निघतं:

```
S = q × B × (1 − μ²) × I / E
```

इथे q म्हणजे तळावरचा निव्वळ दाब, B फूटिंगची रुंदी, μ पॉयसन गुणोत्तर, E वाळूचा लवचिकता गुणांक आणि I प्रभाव गुणांक. सूत्र इतकं सोपं आहे की चूक सूत्रात होतच नाही. ती होते त्यात घातलेल्या आकड्यांत.

आधी दाब बघू. फूटिंगचं वजन आणि वरचा भराव धरून तळावर १७५ किलोपास्कल येतात. खोदून काढलेल्या मातीचा दाब १.५ × १७, म्हणजे साधारण २५ होता. म्हणून निव्वळ दाब १५०. काही जण थेट १७५ घालतात. काही जण याच्या उलट करतात: कॉलमचा ६०० किलोन्यूटन भार ४ चौरस मीटरने भागतात, १५० मिळवतात आणि त्यातून पुन्हा २५ वजा करतात. फूटिंग आणि भराव यांचं वजन काढलेल्या मातीइतकंच असतं, त्यामुळे कॉलमच्या भारातून आलेला आकडा जवळजवळ निव्वळच असतो. तिथे वजाबाकी दोनदा होते.

आता प्रभाव गुणांक. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. चौरस फूटिंगला तक्त्यात एक नाही, चार आकडे सापडतात: लवचिक पायाच्या मध्याला १.१२, कोपऱ्याला ०.५६, सरासरी ०.९५ आणि ताठ पायाला ०.८२. μ ०.३ आणि E १३,५०० किलोपास्कल धरलं, तर आपलं फूटिंग मध्याच्या आकड्याने २२.६ मिलिमीटर, कोपऱ्याच्या आकड्याने ११.३ आणि ताठ पायाच्या आकड्याने १६.६ मिलिमीटर बसतं. आरसीसीचं स्वतंत्र फूटिंग ताठच असतं, म्हणून १६.६ घ्या. २२.६ मधून ११.३ वजा करून त्याला ‘विषम सेटलमेंट’ म्हणणारे हिशोब मी पाहिलेत. ताठ फूटिंगचा मध्य आणि कोपरा एकत्रच खाली जातात, त्यामुळे त्या वजाबाकीला काही अर्थ नाही.

आयएस ८००९ च्या पहिल्या भागात ताठपणासाठी वेगळी वाट आहे: लवचिक पायाच्या मध्याचं सेटलमेंट काढायचं आणि ०.८ ने गुणायचं. त्या वाटेने १८.१ येतात. दोन्ही वाटा चालतात, पण एका वेळी एकच. ०.८२ वापरून वर पुन्हा ०.८ ने गुणलं, तर १३.३ येतात आणि ताठपणाची सूट दोनदा घेतली जाते.

फूटिंगचे चार समान चौरस पाडून, मध्यावर मिळणाऱ्या त्यांच्या कोपऱ्यांची बेरीज करून मध्य काढायचा असेल, तर रुंदीही त्या लहान चौरसाची घ्यायची, म्हणजे १ मीटर. ४ × ०.५६ × १ = २.२४ आणि १.१२ × २ = २.२४, दोन्ही जुळतात. हिशोब बरोबर आहे का, हे ताडायला एवढं पुरे. १.१२ आणि १ मीटर अशी जोडी झाली असेल, तर उत्तर बरोब्बर निम्मं येतं.

हे सगळे आकडे वाळू खाली अमर्याद खोल आहे असं मानतात. तापीच्या गाळाच्या मैदानात ते खपून जातं. पण धुळ्याकडे पांझराकाठी किंवा जिथे काळा पाषाण वर येतो तिथे नाही. तळाखाली ३ मीटरवर खडक लागला, तर मर्यादित थराचे स्टाइनब्रेनरचे गुणांक घ्यावे लागतात आणि मध्याचं सेटलमेंट २२.६ वरून १५.८ वर येतं. ही चूक सुरक्षित बाजूची आहे, पण फूटिंग विनाकारण मोठं होतं.

खरी जोखीम E मध्ये आहे. मी E साठी ५०० × (N + १५) हे साध्या वाळूचं समीकरण वापरलं; N म्हणजे बोअरमधल्या प्रमाणित भेदन चाचणीतले ठोके. N १२ असेल तर १३,५०० येतात. हा N कुठला, हे महत्त्वाचं. समजा बोअरमध्ये १.५ मीटरवर ९, ३ मीटरवर १२, ४.५ मीटरवर १६ आणि पुढे १५ मीटरपर्यंत वाढत ४० आहे. पूर्ण बोअरची सरासरी २५ धरली, तर E २०,००० होतो आणि सेटलमेंट ११.२ इतकंच दिसतं. पण वाळू सर्वांत जास्त दबते ती तळाखाली साधारण अर्ध्या रुंदीइतक्या खोलीवर, इथे १ मीटरवर. दोन रुंदींच्या खाली जे आहे त्याचा हिस्सा फार थोडा. वरच्या ९ आणि १२ ला जास्त वजन द्या, १५ मीटरवरच्या ४० ला देऊ नका.

बोअर मे महिन्यात घेतला असेल, तर पाणी खोल असतं. नदीकाठच्या जागेत पावसाळ्यात ते तळापर्यंत चढू शकतं. भिजलेल्या वाळूसाठी तेच समीकरण २५० × (N + १५) होतं, E निम्मा होतो आणि १६.६ चे ३३.२ होतात. μ ०.५ धरण्याची चूक (ती चिकणमातीची सवय) यापुढे लहान आहे. तिने उत्तर १८ टक्क्यांनी कमी होतं.

प्लेट लोड टेस्टवरून E काढून तोच मोठ्या फूटिंगला लावणं ही आणखी एक चूक. ३०० मिलिमीटरची प्लेट ५ मिलिमीटर बसली, तर सूत्राप्रमाणे २ मीटरचं फूटिंग ३३ बसायला हवं. वाळूसाठीच्या टेरझाघी-पेक नात्याने मात्र १५ येतात. प्लेटखालची वाळू उथळ असते, तिच्यावर आजूबाजूचा दाब कमी, म्हणून ती मऊ वागते. खोल गेलं की तीच वाळू ताठर होते. E स्थिर नसताना रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढवू नका.

शेवटी परवानगीची मर्यादा. आयएस १९०४ मध्ये वाळूवरच्या आरसीसी सांगाड्याला ५० मिलिमीटर चालतात, पण दोन कॉलममधल्या फरकाला ०.००१५ × अंतर, म्हणजे ५ मीटरला ७.५ मिलिमीटर इतकीच मुभा आहे. आपल्या पॅकहाऊसच्या एका कॉलमखाली N ८ आणि शेजारी १६ असेल, तर कोरड्यात १९.५ आणि १४.४ येतात. फरक ५, चालेल. भिजल्यावर ३८.९ आणि २८.९ होतात. दोन्ही ५० च्या आत, पण फरक १० मिलिमीटर. इथे एकूण आकडा बघून सही करू नका. कमकुवत जागेचं फूटिंग २.५ मीटरचं केलं, तर भार तोच असल्याने ते ३१.१ बसतं आणि फरक २.२ उरतो. त्याआधी एकच करा: मोठ्या फूटिंगचा दाब आता तळाखाली दोन रुंदी, म्हणजे ५ मीटर खोलवर पोचतो, तिथला N पुन्हा तपासा.