लायब्ररियनच्या अर्जात 'कॅटलॉगिंग येतं' लिहू नका, एक रेकॉर्ड दाखवा

विद्यापीठातल्या असिस्टंट लायब्ररियनच्या जागेसाठी एम.लिब., ५५ टक्के, नेट किंवा सेट हे सगळ्यांकडेच असतं, त्यामुळे मार्कशीटा लावा आणि ते विसरून जा. प्रश्न येतो कामाच्या अनुभवाचा, कारण फॉर्मातला रकाना दोन ओळींचा आणि लोक त्यात 'कोहा, सोल, डीस्पेसचं ज्ञान' लिहून मोकळे होतात. वेगळं एक पानी जोडपत्र लावा.

मी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा 'चार हजार पुस्तकांचं कॅटलॉगिंग केलं' असं ठोकून दिलं होतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, यातली ओरिजिनल किती आणि दुसऱ्यांची रेकॉर्ड्स ओढून घेतलेली किती? माझी बोलती बंद, कारण बहुतेक झेड३९.५० वरून उतरवलेली होती. त्यात लाज काही नाही, सगळेच करतात, पण आकडा एकच मोठा लिहिला की हा प्रश्न येणारच. तेव्हा दोन आकडे वेगळे लिहा आणि खाली एक रेकॉर्ड, जिथे तुम्हाला डोकं चालवावं लागलं.

आता मी लावते ते उदाहरण सांगते. एक पीएचडीची मुलगी आली, कुसुमाग्रजांवर काम करत होती, ओपॅकवर शोधलं तर फक्त कविता. नाटकं कुठायत? ती वि. वा. शिरवाडकर या नावाखाली. शेल्फवरही दोन टोकं, कविता ८९१.४६१ ला आणि नाटकं ८९१.४६२ ला, म्हणजे फिरत फिरतही सापडणार नाहीत. आमच्याकडे दोन नावांचा एकमेकांशी काहीच संबंध जोडलेला नव्हता. मग ऑथॉरिटी रेकॉर्ड्स दोन केली:

```
100 0# $a कुसुमाग्रज
500 1# $a शिरवाडकर, वि. वा.

100 1# $a शिरवाडकर, वि. वा.
400 1# $a Shirwadkar, V. V.
500 0# $a कुसुमाग्रज
```

इथे हमखास विचारतात की सगळं एकाच नावाखाली का नाही आणलं. उत्तर पाठ करू नका, समजून घ्या: लेखकाने एका प्रकारचं लेखन एका नावाने आणि दुसरं दुसऱ्या नावाने छापलं असेल तर नियम त्या दोन वेगळ्या ओळखी धरतात, म्हणून 'हेही पहा' म्हणजे ५००. तीच ओळख दुसऱ्या स्पेलिंगने लिहिली असेल तर 'याऐवजी ते पहा', म्हणजे ४००. दोन्हीची गल्लत केली की पॅनलला दोन मिनिटांत कळतं.

आणि एक सावध करते, इथे मी स्वतः आठवडा घालवलाय. ऑथॉरिटी रेकॉर्ड केलं म्हणजे झालं नाही, पुस्तकाच्या रेकॉर्डमधलं १०० त्याला लिंक व्हायला हवं, कोहात तो नंबर `$9` मध्ये बसतो. लिंक नसेल तर ऑथॉरिटी सर्चमध्ये नाव दिसतं आणि पुढे पुस्तकं शून्य. अर्जाला स्क्रीनशॉट लावायच्या आधी हे बघा, दिसणारा शून्य लपत नाही.

डिजिटलचा भाग याच गोष्टीत येऊ द्या, डेटाबेसची यादी देऊ नका, वन नेशन वन सबस्क्रिप्शन आल्यापासून ती यादी शेजारच्याकडेही जवळपास तीच आहे. त्याच मुलीला शोधगंगेवर आधीचे प्रबंध बघायचे होते, तर मी तिला देवनागरीतली दोन्ही नावं आणि रोमनमध्ये `Kusumagraj`, `Shirwadkar`, `Shirvadkar` असं पाच वेळा शोधायला लावलं. जोडपत्रात एवढंच लिहायचं, काय शोधलं, कशाने काही सापडलं नाही, मग काय बदललं.

विद्यार्थ्यांना मदत या भागात 'ओरिएंटेशन घेतले' आणि 'प्लेजरिझम रिपोर्ट काढून दिले' एवढंच असेल तर ते सरळ कमी पडतं. सॉफ्टवेअरला फाइल चढवणं ही मदत नव्हे. वरचीच केस तीन ओळींत लिहा: ती काय विचारायला आली, खरं तिला काय हवं होतं (ती 'कवितांची पुस्तकं' म्हणाली होती, हवं होतं एकाच लेखकाचं सगळं लेखन), आणि त्यातून कॅटलॉगमध्ये काय दुरुस्त झालं. मुलीचं नाव टाकू नका, विभाग आणि साल पुरे, आणि जमलं तर तिच्या गाइडकडून दोन ओळींचं पत्र घ्या.

मुलाखतीला जाताना त्या रेकॉर्डचं एमएआरसी व्ह्यूचं प्रिंट घेऊन जा, आधीचं आणि नंतरचं, दोन्ही. नेट बंद असतं बऱ्याचदा.