निनावी फोन आला: बातमीदार पाठवण्यापूर्वी काय तपासावे

रात्री पाने लावण्याच्या घाईत डेस्कवरचा फोन वाजतो. "पेडण्यात डोंगर कापतायत, पंचाचाच हात आहे, लगेच माणूस पाठवा." नाव विचारले की पलीकडचा गप्प.

नावाचा आग्रह आधी सोडा, नाहीतर तो फोन ठेवील. त्याऐवजी विचारा: तुम्ही स्वतः पाहिलंत का? कुठे उभे होता? किती वाजले होते? जवळ देऊळ, शाळा, पूल काय आहे? माती कुठे नेतात? उत्तरे त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. पाहिलेला माणूस सहसा बारीकसारीक सांगतो: जेसीबी मागे घेतानाचा बीप-बीप आवाज, रस्त्यावर सांडलेली लाल माती. नुसते ऐकलेला सहसा थेट नावांवर येतो. दुसऱ्या दिवशी ठरावीक वेळी पुन्हा फोन करायला सांगा, कारण पुढच्या तपासात नवे प्रश्न हमखास निघतात.

आता वहीतल्या मजकुराचे तीन भाग करा: पाहिलेले, ऐकलेले, तर्काने जोडलेले. डोंगर कापला जातोय की नाही हे तपासता येते. पंचाचा हात हा आज निव्वळ आरोप आहे. तो बाजूला ठेवा, बातमीदारालाही माहिती म्हणून देऊ नका.

खुणांवरून जागा सापडली की सर्व्हे नंबर काढा आणि एक-चौदाचा उतारा पाहा. जमीन कागदावर कोणाची ते कळेल, जेसीबी कोणी आणला ते नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे मोफत मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवे. पूर्वीच्या हिरव्या उतारावर लाल पट्टा दिसला तर फोनला बळ येते. पण चित्रातला एक ठिपका दहा मीटरचा असतो आणि पावसाळ्यात ढग आड येतात. म्हणून काही दिसले नाही एवढ्यावरून फोन खोटा ठरवू नये.

मग त्या भागातल्या ओळखीच्या माणसाला विचारा, पण "डोंगर कापतायत का?" असे नव्हे. "तिकडे काय चाललंय?" एवढेच. त्याने तेच सांगितले तर त्याला कोणाकडून कळले हेही विचारा. दोघांनी एकाच्याच तोंडून ऐकले असेल तर तो एकच स्रोत.

गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या कलम १७-अ नुसार डोंगर कापण्याआधी परवानगी लागते. ती असेल तर बातमीच वेगळी होते, म्हणून खात्याला विचारणे टाळता येत नाही. फक्त ते छायाचित्रे हाती आल्यावर विचारा. आधी सर्व्हे नंबर बोलून दाखवलात आणि खबर फुटली, तर सकाळी तिथे जेसीबी नसेल.

जागा ठरली, आणि उपग्रहचित्राने किंवा स्वतः पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने दुजोरा दिला, की बातमीदार पाठवा. दिवसाउजेडी, छायाचित्रकारासोबत, सार्वजनिक रस्त्यावरून पाहायला सांगून. फोन करणाऱ्याचा नंबर मात्र डेस्कवरच राहू द्या.