शेजारच्या आजी-आजोबांना मोबाईल शिकवायचा प्रोजेक्ट घेताय? या चुका टाळा

शाळेत नाहीतर ज्युनिअर कॉलेजला समाजसेवेचा प्रोजेक्ट मिळाला की आमच्या नाशिकच्या जेलरोडवरच्या सोसायटीतली पोरं हमखास हाच विषय घेतात, आणि मी गेली तीन वर्षं त्यांच्यासोबत बसते म्हणून हे लिहितेय. विषय खरंच चांगला आहे पण त्याच त्याच ठिकाणी फसतो.

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं तर सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला, नववीतल्या दोघांनी मस्त स्लाइड्स केल्या, इंटरनेट म्हणजे काय इथपासून सुरुवात. वीस-बावीस जण आले, टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि पुढच्या रविवारी पाचच जण उरले. कारण अगदी साधं होतं. पडद्यावर दिसत होता पोराचा फोन आणि आजींच्या हातात होता मुलाने वापरून दिलेला जुना फोन, त्यात ते बटण त्या जागी नव्हतंच! विवो, रेडमी, सॅमसंग, सगळ्यांचे मेनू वेगळे, त्यात कुणाचा फोन इंग्रजीत, कुणाचा मराठीत. तेव्हा हॉल विसरा. एक पोरगा किंवा पोरगी आणि एक आजी किंवा आजोबा, त्यांच्याच घरी, त्यांच्याच फोनवर, पाऊण तास, आणि एका वेळी एकच काम. काम कुठलं ते तुम्ही ठरवू नका. त्यांना एवढंच विचारा की आजी, फोनमधलं असं कुठलं काम आहे ज्यासाठी तुम्हाला दरवेळी सुनेला हाक मारावी लागते? उत्तर ऐकून पोरं चकित होतात. कुणाला आलेला फोटो पुन्हा शोधायचा असतो, कुणाला रात्री फोनचा आवाज बंद करायचा असतो, डिजिटल साक्षरता वगैरे शब्द कुणाच्याच डोक्यात नसतात.

दुसरी चूक सगळ्यात जास्त होते आणि करणाऱ्याला कळतसुद्धा नाही. "द्या आजोबा, मी करून देतो." फोन पोराच्या हातात, अंगठा भराभर चार ठिकाणी, झालं. आजोबा म्हणतात वा वा, पण दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. आमचा नियम आता असा आहे की शिकवणाऱ्याने हात मांडीवर ठेवायचे, फक्त तोंडाने सांगायचं, आणि बोट त्यांचंच चालायला हवं. याला वेळ फार लागतो, व्हिडिओ कॉल लावायला कधी कधी वीस मिनिटं जातात, जाऊ द्या. आणि एकदा जमलं की थांबू नका, कॉल बंद करून, होम स्क्रीनवर येऊन पुन्हा पहिल्यापासून तीन वेळा करायला लावा. दोन दिवसांनी परत जायचं आणि काहीही न सांगता नुसतं बघायचं की आपोआप जमतंय का. जिथे अडखळले तिथूनच पुढचा धडा.

आता मुख्य गोष्ट. पोरं वैतागून येतात आणि म्हणतात की यांच्या लक्षातच राहत नाही, आणि मी विचारते, बोट बघितलंस का? आमच्याकडे एक आजोबा होते, प्रेसमधून रिटायर झालेले, हिशोबाला एकदम पक्के. त्यांची तक्रार अशी की फोनमधले अ‍ॅप आपोआप गायब होतात आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडायला गेलं की भलताच मेनू येतो. घरच्यांनी फोन दोनदा दुरुस्तीला नेला, दुकानदार म्हणाला फोन ठीक आहे. आमच्या अकरावीतल्या मुलीने शेजारी बसून दहा मिनिटं काहीच केलं नाही, फक्त बोटाकडे बघत राहिली, तेव्हा कळलं की आजोबा आयकॉनवर बोट टेकवतात आणि उघडेपर्यंत दाबूनच धरतात, जुन्या टीव्हीचं बटण दाबावं तसं. फोनला वाटतं की यांनी दाबून धरलंय, म्हणजे आयकॉन हलवायचाय, मग बोट जरा सरकलं की आयकॉन दुसऱ्या पानावर किंवा सरळ होम स्क्रीनवरून बाहेर. म्हणजे विसरणं वगैरे काही नव्हतंच.

उपाय फोनमध्येच होता. सेटिंग्स उघडून वरच्या शोधायच्या पट्टीत hold टाइप केलं की बहुतेक अँड्रॉइड फोनांत Touch & hold delay सापडतं (प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या ठिकाणी ठेवलंय म्हणून शोधणंच सोपं, आणि फोन मराठीत असेल तर नाव मराठीत दिसेल, तेव्हा अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन बघा). तिथे Short च्या जागी Long केलं, म्हणजे दाबून धरलंय असं समजायला फोन जास्त वेळ थांबतो. शिवाय होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये लेआउट लॉक करायची सोय बऱ्याच फोनांत असते, तीही चालू केली, आता आयकॉन हलतच नाही. मग आजोबांना टिचकीसारखं हलकं टेकवायला शिकवलं. आठवड्याभरात तक्रार बंद.

बोटाच्या बाकी अडचणी पण बघून घ्या. थंडीत नाशिकला कातडी कोरडी पडते आणि म्हाताऱ्या बोटाचा स्पर्श स्क्रीनला नीट कळत नाही, त्यावर जाडी स्वस्त काच लावलेली असेल तर आणखीनच. बोट किंचित ओलसर करून बघा, लगेच फरक पडला तर कारण तेच, मग रोजचं क्रीम आणि चांगली काच एवढं पुरतं. नखाने दाबत असतील तर टच लागणारच नाही. आणि फोन धरलेल्या हाताचा अंगठा स्क्रीनच्या कडेला टेकत असेल तर दुसऱ्या बोटाचा टच गोंधळतो, तेव्हा फोन टेबलावर ठेवून शिकवा.

पैशांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. यूपीआय शिकवताना घरातलं मोठं माणूस शेजारी असलंच पाहिजे, आणि पिन टाकताना पोराने तोंड फिरवायचं. मागच्या वर्षी एका आजींनी विश्वासाने पिन पोरीला सांगूनच टाकला, तिने तिथल्या तिथे मुलाला बोलावून बदलायला लावला, बरोबर केलं. शिकवायचं कसं, तर आजींनी स्वतः मुलाला 1 रुपया पाठवायचा, मग मुलाने त्यांना 1 रुपया परत पाठवायचा. पाठवताना पिन मागितला, आलेला पैसा मात्र आपोआप जमा झाला, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका" किंवा "पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा माणूस चोर आहे हे वेगळं समजवावं लागत नाही. आणि 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर त्यांच्याच हाताने कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करून घ्या. फसवणूक झालीच तर लाजेपायी दोन दिवस लपवू नका, लगेच फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं.

शेवटची चूक वहीची. पोरं सुंदर अक्षरात किंवा प्रिंट काढून स्टेप्स देतात आणि ती वही कपाटात जाते. आजींना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. आमच्या एका आजींनी व्हिडिओ कॉलच्या चित्राला "चोच असलेला डबा" लिहिलंय, आणि त्या अजून त्यावरूनच नातीला पुण्याला कॉल लावतात. अपडेट आलं आणि चित्र बदललं की त्या खालून हाक मारतात, मग शिकवणारी पोरगी खाली जाते आणि वहीतली ती एक ओळ दोघी मिळून बदलतात.