बूस्ट, बॅज आणि लेव्हल: पैसे टाकण्याआधी या चुका टाळा

फ्रीलान्सिंगची पहिली दोन-तीन वर्षं सरली, पंचवीस-तीस चांगले रिव्ह्यू जमा झाले, की एक विचित्र टप्पा येतो. नवखेपणाची अडचण संपलेली असते, पण कामं आपोआप चालत येतील इतकं नावही झालेलं नसतं. नेमक्या याच टप्प्यावर अपवर्क, फाइव्हरसारखा मार्केटप्लेस तुमच्यासमोर बटणं ठेवतो: प्रपोजल बूस्ट करा, जाहिरात लावा, मासिक सदस्यत्व घ्या, पुढची लेव्हल गाठा. यातलं काहीच थोतांड नाही. पण त्याचा हिशोब बहुतेक जण चुकीच्या जागी मांडतात.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते प्रपोजल बूस्टमध्ये, म्हणून आधी तेच पाहू. अपवर्कवर अर्ज करायला कनेक्ट्स नावाची टोकनं लागतात आणि एका कनेक्टची किंमत ०.१५ डॉलर धरली जाते. बूस्ट म्हणजे त्यावर आणखी कनेक्ट्सची बोली. बोली पुरेशी असेल तर क्लायंटच्या यादीत तुमचं प्रपोजल वरच्या मोजक्या जागांपैकी एका जागी दिसतं. बूस्टचं काम तिथे संपतं. क्लायंटने प्रपोजल वाचल्यावर उत्तर द्यावं, काम द्यावं, यात बूस्टचा हात नाही.

पहिली चूक: ‘व्ह्यूज वाढले’ म्हणजे फायदा झाला असं समजणं

एक न्यूजलेटर डिझायनर घेऊ. पहिल्या महिन्यात त्याने बूस्ट न करता ३० प्रपोजल पाठवली, सरासरी १४ कनेक्ट्सची. म्हणजे ४२० कनेक्ट्स, ६३ डॉलर. त्यातली १० पाहिली गेली, ४ क्लायंटनी उत्तर दिलं, २ कामं मिळाली. दुसऱ्या महिन्यात त्याने तीसच्या तीस बूस्ट केली, सरासरी २० कनेक्ट्स जास्तीचे टाकून. खर्च १५३ डॉलरवर गेला. १९ प्रपोजल पाहिली गेली, ५ उत्तरं आली, आणि कामं पुन्हा २.

आकडेवारीच्या पानावर व्ह्यूज जवळजवळ दुप्पट दिसतात, त्यामुळे माणूस खूश होतो. पण ९० डॉलर जास्त मोजून एक उत्तर वाढलं आणि काम एकही नाही. आधी पाहिलेल्या दहांपैकी चार क्लायंट बोलायला यायचे, आता एकोणीसांपैकी पाच. याचा अर्थ असा, की वाढीव नऊपैकी आठ जणांनी प्रपोजल वर दिसलं म्हणून उघडलं आणि मिटवलं.

इथे मी त्या आठ कामांच्या जाहिराती परत काढून वाचायला सांगेन. बऱ्याचदा असं निघतं, की त्यातली निम्मी कामं मुळात आपली नव्हतीच. बजेट कमी होतं किंवा क्लायंटला डिझाइनसोबत मजकूरही लिहून हवा होता. बूस्टचं बटण हाताशी असलं की ‘वर दिसू, मग बघू’ म्हणून माणूस एरवी सोडली असती अशा कामांनाही अर्ज करतो.

म्हणून तीन पायऱ्या वेगळ्या मोजा: पाहिलं किती, उत्तर किती, काम किती. पाहिल्यावर उत्तर चांगलं येतंय पण पाहिलंच कमी जातंय, तर बूस्टला वाव आहे. पाहिलं जातंय पण उत्तर येत नाही, तर दोष प्रपोजलमध्ये, नमुन्यांत किंवा दरात आहे. तिथे बूस्ट म्हणजे गळक्या बादलीत जास्त पाणी ओतणं.

यात एक पेच आहे. पाहिलं कमी जाण्याचं कारण नेहमी जागा हेच नसतं. प्रपोजल उघडण्याआधी क्लायंटला यादीत सुरुवातीच्या ओळी दिसतात. त्या ‘मी पाच वर्षांचा अनुभव असलेला डिझायनर आहे’ अशा असतील तर पहिल्या जागेवरही तो पुढे सरकेल. शिवाय काही जाहिराती मेलेल्याच असतात. कामाच्या पानावर `Last viewed by client` आणि `Interviewing` हे दोन आकडे दिसतात. क्लायंट चार दिवस फिरकलेला नाही किंवा त्याचं पाच-सहा जणांशी बोलणं आधीच सुरू आहे, तर तिथली बोली वाया गेली म्हणून समजा.

दुसरी चूक: पूर्ण प्रोजेक्टची रक्कम फायदा म्हणून धरणं

‘९० डॉलर गेले, पण २५० चं एक काम मिळालं तरी वसूल’ हा हिशोब फार प्रेमाने केला जातो. त्याच डिझायनरचं सरासरी काम २५० डॉलरचं आहे. प्लॅटफॉर्मची फी १० टक्के धरली (अपवर्कवर २०२५ पासून ती करारानुसार ० ते १५ टक्के असते, अर्ज करतानाच दिसते) तर हातात २२५. कामाला दहा तास लागतात. तासाला १२ डॉलरच्या खाली तो काम घेत नाही, कारण तेवढे त्याला जुन्या क्लायंटकडून मिळतात. म्हणजे १२० डॉलर त्या वेळेची किंमत. उरले १०५. बूस्टचा खर्च या १०५ मधून निघायला हवा.

तीस बूस्टमागे एक काम *जास्तीचं* मिळालं तर १०५ आले, ९० गेले. पंधरा डॉलरसाठी महिनाभर बोली लावत बसायचं.

तुमचं वेळापत्रक भरलेलं आहे की रिकामं, यावर हे चित्र पूर्ण बदलतं. महिन्यातले चाळीस तास रिकामेच जात असतील, तर त्या दहा तासांची किंमत तासाला १२ डॉलर धरणं ही स्वतःची फसवणूक आहे. तेव्हा बूस्ट सहज परवडतो. उलट, हातात पुरेसं काम असेल तर नवं काम जुन्या क्लायंटचा वेळ खातं. एकाच माणसासाठी जूनमध्ये बूस्ट योग्य आणि नोव्हेंबरमध्ये चुकीचा असू शकतो.

परत येणारे क्लायंट मात्र हिशोबात घ्यायला हवेत, पण अंदाजाने नाही. डिझायनरने मागचे बारा नवे क्लायंट तपासले. चार परत आले, प्रत्येकाने आणखी सरासरी ३०० डॉलरचं काम दिलं. फी आणि बारा तासांची किंमत वजा करता प्रत्येकी १२६ उरले. ते बारा जणांत वाटले तर नव्या क्लायंटमागे ४२ डॉलर. म्हणजे एका नव्या क्लायंटची खरी किंमत १०५ नव्हे, १४७.

तिसरी चूक: दोन कामांवरून निकाल लावणं

तीस प्रपोजलमध्ये दोन ऐवजी तीन कामं मिळाली तर तो बूस्टचा प्रताप की नशीब, हे सांगता येत नाही. आकडाच इतका लहान आहे, की एखादं काम इकडेतिकडे होणारच. म्हणून निकाल कामांवर न लावता उत्तरांवर लावा. ती संख्येने जास्त असतात आणि लवकर येतात.

त्याहून मोठा घोळ निवडीचा आहे. आपण बूस्ट कुठे करतो? जिथे काम अगदी आपल्या हातचं वाटतं तिथे. साहजिकच बूस्ट केलेल्या प्रपोजलना जास्त उत्तरं येतात, आणि आपण श्रेय बूस्टला देतो. ती उत्तरं बूस्टशिवायही आली असती. खरं उत्तर हवं असेल तर एकाच प्रकारच्या कामांची यादी करा आणि एक सोडून एक बूस्ट करा, आवडनिवड न बघता. आठ आठवडे तरी चालू द्या. शिस्त पाळणं कंटाळवाणं आहे आणि एखाद्या छान कामावर हात आवरणं अवघड जातं, हे मान्य.

क्लिकमागे पैसे घेणाऱ्या जाहिरातींनाही हेच लागू आहे. फाइव्हरवर गिगची जाहिरात लावली की डॅशबोर्ड ‘जाहिरातीतून आलेल्या ऑर्डर’ दाखवतो. जो ग्राहक नुसत्या शोधातही तुम्हाला सापडला असता, तो जाहिरातीवरून आला तर तिच्याच खात्यात मोजला जातो. म्हणून दोन आठवडे जाहिरात चालू, दोन आठवडे बंद ठेवा आणि गिगच्या *एकूण* ऑर्डर बघा. चालू असताना ‘जाहिरातीतून ९’ आणि एकूण १४, बंद असताना एकूण १२, तर जाहिरातीची कमाई दोन ऑर्डरची आहे, नऊची नाही.

चौथी चूक: बॅज फुकट आहे असं मानणं

बॅजला पावती नसते, म्हणून त्याची किंमत दिसत नाही. वाईट रिव्ह्यू नको म्हणून १८० डॉलर परत केले, लेव्हल घसरू नये म्हणून पडेल भावाच्या चार ऑर्डर घेतल्या, हे सगळं बॅजचंच भाडं आहे. ते वहीत लिहा, मग बॅज काय परत देतो ते बघा.

एक गैरसमज इथे काढून टाकू. फाइव्हरवर लेव्हल वाढली म्हणून कमिशन कमी होत नाही. ते सगळ्यांनाच २० टक्के आहे. अपवर्कवर टॉप रेटेड बॅजसाठी जॉब सक्सेस स्कोअर ९० टक्के आणि बारा महिन्यांत किमान १,००० डॉलरची कमाई अशा अटी आहेत. तिथेही बॅज म्हणजे फीची सवलत नव्हे. फायदा मुख्यतः येतो तो क्लायंटच्या आमंत्रणांतून, आणि आमंत्रणाला उत्तर द्यायला कनेक्ट्स लागत नाहीत. त्यामुळे मोजमाप सोपं आहे: बॅज मिळण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने, कामाची आमंत्रणं किती आली? दोनची सहा झाली आणि त्यातून तिमाहीत एक काम जास्त येत असेल, तर तो बॅज वर्षाला आपल्या डिझायनरला ५८८ डॉलर देतो. मग तो राखायला १८० चा एखादा परतावा परवडेल. आमंत्रणं होती तेवढीच राहिली, तर नाही.

शिवाय टॉप रेटेडना ठरावीक अटींवर एखादा फीडबॅक स्कोअरमधून वगळून घेता येतो. ही मुभा वापरायची सोडून घाबरून पैसे परत करणारे लोक मी पाहिलेत.

सदस्यत्वाचं गणित छोटं आहे. त्यात मिळणारे कनेक्ट्स तुम्ही खरोखर वापरता का, एवढं बघा. वापरत असाल तर त्यांची किंमत वजा करून उरलेली रक्कम बाकी सोयींसाठी आहे. त्या सोयी गेल्या महिन्यात किती वेळा उघडल्या ते आठवा.

आता त्या डिझायनरच्या बोलीची मर्यादा. एक सोडून एक पद्धतीने त्याला दिसलं, की चांगल्या जुळणाऱ्या कामांत बूस्टमुळे उत्तरं इतकी वाढतात, की साधारण तीस प्रपोजलमागे एक काम जास्त यावं. नव्या क्लायंटची किंमत १४७ डॉलर. भागिले ३०, म्हणजे एका बूस्टमागे ४.९० डॉलर, ३२ कनेक्ट्स. त्याने कमाल बोली २५ ठेवली आहे, कारण तीसमागे एक हा त्याचा आकडाही कच्चाच आहे. अर्ज करताना चालू बोली दिसतात. वरच्या जागांतली शेवटची बोली ४० असेल, तर तो साधं प्रपोजल पाठवतो आणि पुढच्या कामाकडे वळतो.