प्रबंधातलं लांबलचक वाक्य तोडताना या चुका टाळा

कोकणातल्या खाजणांवर, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या भातजमिनींवर, प्रबंध लिहिणाऱ्यांची एक अडचण असते. तो वाचणारे सगळे मृदाशास्त्राचे नसतात. बाहेरचे परीक्षक भूगोलाचे असू शकतात, खारबंदिस्तीची कामं बघणारा अभियंता असू शकतो, अलिबाग-पेणच्या खारेपाटातला शिकलेला शेतकरीही असू शकतो. यांच्यापैकी कुणीही पुढच्या वाक्यात अडकेल. वाक्य मी नमुन्यासाठी रचलंय, पण असली वाक्यं मसुद्यांत हमखास सापडतात:

«नादुरुस्त उघाडीतून भरतीच्या वेळी आत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्यामुळे जमिनीत साठलेल्या व उन्हाळ्यात केशाकर्षणाने पृष्ठभागावर येणाऱ्या क्षारांमुळे ज्यांच्या मातीची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक आढळली अशा बांधालगतच्या खाचरांमध्ये, सुरुवातीच्या पावसाने क्षार पुरेसे धुऊन न गेल्यास, लावणीनंतर रोपे मरण्याचे प्रमाण आतल्या खाचरांच्या तुलनेत अधिक असल्याचे निदर्शनास आले.»

व्याकरणात चूक नाही. पण मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं आणि क्रियापद शेवटी. त्यामुळे ‘शिरणाऱ्या’, ‘साठलेल्या’, ‘येणाऱ्या’ अशी धातुसाधितं एकामागून एक लावली की वाचकाला ती सगळी हातात धरून बसावं लागतं. ‘ज्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे कळायला अकरा शब्द थांबावं लागतं. विषयातला माणूस पहिल्या चार शब्दांत पुढचं ओळखतो, म्हणून त्याला हे जाणवत नाही. मार्गदर्शकांनी ‘ठीक आहे’ म्हटलं तरी त्यावर विसंबू नका, कारण ते विषयातलेच असतात.

स्वल्पविराम दिसला तिथे कापणं

घाईत केलेली दुरुस्ती बहुतेकदा अशी दिसते: «नादुरुस्त उघाडीतून खारे पाणी आत शिरते. क्षार साठतात. उन्हाळ्यात ते वर येतात. विद्युतवाहकता अधिक आढळली. रोपे मरतात.»

वाक्यं छोटी झाली, पण कार्यकारण गळून पडलं. क्षार कशामुळे साठले, विद्युतवाहकता कशाची आणि कुठे मोजली, काही कळत नाही. शिवाय ‘ते’ म्हणजे पाणी की क्षार? इथे सर्वनाम वाचवण्यात अर्थ नाही, नाम पुन्हा लिहावं. ‘क्षार’ हा शब्द दोन ओळींत तीनदा आला म्हणून कुणी गुण कापत नाही.

कापण्याआधी वाक्यातल्या क्रिया सुट्या लिहून काढा. वरच्या वाक्यात सात आहेत: पाणी शिरणं, क्षार साठणं, क्षार वर येणं, विद्युतवाहकता अधिक आढळणं, क्षार धुऊन न जाणं, रोपं मरणं आणि हे सगळं निदर्शनास येणं. आता प्रत्येकीपुढे एक खूण करा: हे आधीपासून माहीत आहे, की मी मोजलं, की माझा अंदाज आहे? पहिल्या तीन क्रिया खाजणाबद्दलचं जुनं ज्ञान आहे. विद्युतवाहकता आणि रोपांची मोजणी तुमची. कापायची जागा या दोन गटांच्या मध्ये आहे, स्वल्पविरामावर नाही. माहीत असलेलं आधी, वर्तमानकाळात, घडतं त्या क्रमाने लिहायचं. तुमचं निरीक्षण नंतर, भूतकाळात.

तोडताना अट हरवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण वाक्य सुबक होतं आणि विधान खोटं. ‘रोपे मरतात’ असं लिहिलं की प्रत्येक खाचरात, दर वर्षी मरतात असा अर्थ निघतो. मूळ वाक्यात तीन मर्यादा होत्या: बांधालगतची खाचरं, ठरावीक आकड्यापेक्षा जास्त विद्युतवाहकता, आणि पावसाने क्षार पुरेसे न धुतले जाणं. या तिन्ही नव्या वाक्यांत कुठे गेल्या, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आकड्याचीही अट असते. ४ डेसिसायमनची रूढ सीमा मातीच्या संपृक्त अर्कासाठी, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्यासाठी आहे. तुमच्या प्रयोगशाळेने एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजलं असेल, तर द्रावण पातळ होऊन आकडा कमी येतो आणि ती सीमा तशीच लावता येत नाही. पद्धत लांब वाक्याच्या पोटात लपलेली असली तर ती काढून तिला स्वतंत्र वाक्य द्या. मसुद्यात ती नसेलच, तर वही उघडून बघा.

अटी सुट्या करताना आणखी एक गोष्ट उघडी पडते. बांधालगतच्या सगळ्या खाचरांत विद्युतवाहकता जास्त होती, की त्यांतल्या काहींतच? मूळ वाक्याचे दोन्ही अर्थ निघतात. क्षार धुतले गेले नाहीत हे पावसानंतर पुन्हा माती तपासून ठरवलं, की रोपं मेली म्हणून तसं धरलं? याचं उत्तर भाषेत नाही, शेतातल्या नोंदींत आहे. भाषा सुधारून देणाऱ्याने इथे स्वतःच्या मनाने अर्थ लावू नये, संशोधकाला विचारावं.

कंसात समजावणं

‘उघाडी (बांधातील झडपेचे दार, जे भरतीला बंद होते)’ असं लिहिलं की एक गुंता सोडवून दुसरा घातला. बाहेरच्या वाचकाला शब्द समजावायचा तर त्या वस्तूचं काम सांगणारं पूर्ण वाक्य लिहावं, आणि ते शब्द पहिल्यांदा येतो तिथेच. केशाकर्षणाचंही तसंच. व्याख्या देण्यापेक्षा मातीत काय होतं ते सांगितलं की पुरतं.

नोंदींतून ‘काही खाचरं’ आणि ‘पावसानंतर पुन्हा मोजलं’ अशी उत्तरं मिळाली असं धरू. मग परिच्छेद असा होईल:

«खाजणाच्या बांधातील उघाडी ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते आणि भरतीला खाडीचे पाणी अडवते. ती नादुरुस्त असेल तर खारे पाणी शेतात शिरते आणि त्यातील क्षार जमिनीत साठतात. उन्हाळ्यात वरची माती सुकते तेव्हा खालचे पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढते. पाण्याची वाफ होते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात.

मातीत क्षार किती आहेत याचा अंदाज तिच्या विद्युतवाहकतेवरून येतो. बांधालगतच्या काही खाचरांत संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक आढळली. सुरुवातीच्या पावसानंतर पुन्हा मोजणी केली, तेव्हा त्यांपैकी ज्या खाचरांत ती फारशी उतरली नव्हती, तेथे लावणीनंतर आतल्या खाचरांपेक्षा अधिक रोपे मेली.»

परिच्छेद मूळ वाक्यापेक्षा लांब झाला, ते चालेल. शेवटच्या वाक्यात ‘ज्या’ ठेवलंय तेही मुद्दाम. एकच ज्या-ते जोडी, आणि दोघांत अंतर थोडं, तर मराठी वाचक अडखळत नाही. सगळीच वाक्यं चार-चार शब्दांची केली तर परिच्छेद तारेच्या मजकुरासारखा होतो आणि कुठलं विधान महत्त्वाचं तेच कळत नाही. ‘नादुरुस्त असेल तर’ हेही तोडलेलं नाही. अट आणि तिचा परिणाम एकाच वाक्यात राहू द्यावा.

‘निदर्शनास आले’ मात्र काढून टाकलं. भूतकाळातलं ‘आढळली’ आणि ‘मेली’ तेच काम करतात.

तपासायला विषयाबाहेरच्या एखाद्याला परिच्छेद एकदाच वाचायला द्या आणि कागद काढून घ्या. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: कुठली रोपं जास्त मेली, आणि यातलं काय मोजलेलं आहे? ‘बांधाजवळची सगळी’ असं उत्तर आलं तर ‘काही’ हा शब्द नजरेतून सुटतोय. मग तो वाक्याच्या सुरुवातीला आणा: «काही खाचरांत, तीही बांधालगतच्या, …»