दवाखान्याचा अभिप्राय लिहिताना घड्याळाची वेळ लिहावी

दवाखान्यातून बाहेर पडताच, दादर स्थानकाकडे चालत जाण्यापूर्वीच, घड्याळाच्या चार वेळा मोबाइलमध्ये टिपून ठेवाव्यात: दिलेली वेळ, पोहोचल्याची, आत बोलावल्याची आणि बाहेर आल्याची. "तासन्‌तास ताटकळत ठेवतात" या वाक्यापेक्षा पुढील मजकूर वाचणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडतो: "बुधवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ होती, मी ६.२० ला पोहोचलो आणि ७.५० ला आत बोलावले. स्वागतकक्षात दोनदा विचारूनही उशिराचे कारण सांगितले गेले नाही. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा मराठीत समजावल्या, मात्र पुन्हा कधी यायचे हा माझा प्रश्न अनुत्तरित राहिला."

यात निदान किंवा औषध बरोबर की चूक, अथवा डॉक्टरांचा हेतू काय, याविषयी एकही विधान नाही, आणि ते मुद्दाम टाळले आहे. "चुकीचे औषध दिले", "पैशांसाठी तपासण्या करायला लावतात" ही वाक्ये सिद्ध करण्याजोगा पुरावा आपल्याजवळ सहसा नसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे. उपचारांविषयी खरोखर शंका असल्यास कागदपत्रांसह महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करावी. अनुभव एकाच भेटीचा असल्यास "नेहमी" हा शब्दही वगळावा.